चार तासांचा नाश्ता

चेंबूरमधल्या आमच्या सेंटरमध्ये सकाळी जो नाश्ता मिळतो त्याला आजवर कुणी चांगलं म्हटलेलं नाही. दोन अंड्यांच्या मापाचा शिजवलेला पांढरा भाग, पांढऱ्या ब्रेडचे दोन स्लाइस, ३० ग्रॅम स्ट्रॉबेरी जॅम आणि १२० मिलिलिटर पाणी. मीठ नाही, मिरची नाही, लोणी नाही. हे दहा मिनिटांत संपवायचं आणि पुढचे चार तास तोंडात काही घालायचं नाही. चेंबूर म्हणजे स्टेशनजवळ फिल्टर कॉफी आणि कॅम्पात दालपकवान. अशा ठिकाणी पेशंटपुढे ही प्लेट ठेवताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. पण हिची मापं २००८ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या दोन संस्थांनी एकत्र बसून ठरवली आहेत, आणि प्लेट तीच असेल तरच माझ्या पेशंटचा आकडा बाकीच्या जगाच्या आकड्याशी ताडून बघता येतो.

मी न्यूक्लिअर मेडिसिनची टेक्नॉलॉजिस्ट आहे. या अंड्यात मी टेक्नेशियम नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य मिसळते, ते अंडं पेशंट खातो, आणि मग पोटातून अन्न किती वेळात पुढे सरकतं ते मी गॅमा कॅमेऱ्यावर मोजते. मात्रा एक मिलिक्युरी किंवा त्याहून कमी. एका तपासणीतून शरीराला मिळणारे किरण आपल्याला वर्षभरात जमिनीतून आणि आकाशातून आपोआप मिळणाऱ्या किरणांपेक्षा कमी असतात. तरी "रेडिओॲक्टिव्ह" म्हटलं की माणसं दचकतात. अणुशक्तीनगरकडची मंडळी मात्र दचकत नाहीत. एका आजोबांनी प्लेट हातात घेत मला विचारलं होतं, "हाफ लाइफ सहा तास ना?" बरोबर सहाच तास. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर बीएआरसीनं १९६३ साली सुरू केलं, आणि आमच्या धंद्यातले बरेच लोक या ना त्या वाटेनं तिथलेच विद्यार्थी. त्यामुळे या भागात माझं काम समजावून सांगायला मला फार त्रास पडत नाही.

त्रास पडतो तो पोटाची तक्रार समजून घेताना.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं असतं: लवकर पोट भरणे. पेशंट हे शब्द वापरत नाही. तो म्हणतो, पित्त झालंय. गॅस अडकलाय. पोट डब्ब होतं. खायला बसलो की इच्छाच मरते. आता यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एकात भूकच नसते. दुसऱ्यात भूक असते, माणूस हौसेनं ताटावर बसतो आणि चार घासांत आत जागाच उरलेली नाही असं त्याला वाटतं. माझ्या कॅमेऱ्याचा संबंध दुसऱ्याशी. म्हणून फॉर्म भरताना मी "किती खाता" हे विचारून फारशी थांबत नाही. मी विचारते, "काल रात्री काय जेवलात? आज सकाळी ढेकर आला तेव्हा त्याला कसला वास होता?" सकाळच्या ढेकरात रात्रीच्या भाजीची फोडणी ओळखू येत असेल, किंवा दुपारी झालेल्या उलटीत आदल्या रात्रीच्या मटकीची सालं दिसत असतील, तर माणसाला चार घास जड का जातात याचं एक सरळ कारण समोर येतं. आधीचं जेवण अजून पोटातच आहे.

पोटाचं काम असं चालतं. वरचा भाग, ज्याला फंडस म्हणतात, घास आला की सैल पडतो आणि अन्नाला जागा करून देतो. खालच्या निमुळत्या भागाला अँट्रम म्हणतात. तो मिनिटाला साधारण तीन वेळा आकसतो आणि प्रत्येक वेळी अन्न बंद दारावर आपटून परत मागे ढकलतो. पाट्यावर वाटण करताना वरवंट्याखालून निसटलेलं खोबरं आपण पुन्हापुन्हा मध्ये ओढतो, तसं. घन अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटरचे झाले की मगच ते पायलोरस नावाच्या दारातून आतड्यात जातात. पाणी, ताक, पातळ सूप यांना या वाटणाची गरज नसते, त्यामुळे ते बरंच आधी निघून जातात. आकसण्याची ही लय काजालच्या पेशी नावाच्या खास पेशी देतात, आणि वरून व्हेगस नावाची लांबलचक नस सगळ्यावर नियंत्रण ठेवते. नस किंवा या पेशी खराब झाल्या की वाटण मंदावतं. दार उघडंच असतं, अडथळा कुठेच नसतो, तरी अन्न तासन्‌तास तिथेच राहतं. यालाच गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात.

नस खराब होण्याचं सर्वांत ओळखीचं कारण म्हणजे जुना मधुमेह. १९५८ साली पॉल कॅसँडर नावाच्या अमेरिकी डॉक्टरानं मधुमेहींच्या या मंद पोटाला पहिल्यांदा नाव दिलं. त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं होतं की बऱ्याच जणांना त्रास काहीच जाणवत नाही, फक्त साखर सांभाळणं अवघड जातं. मला हे वाक्य फार पटतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहींमध्ये साखरेची वही पोटाआधी बोलते.

सुभाषनगरचे एक काका असेच आले. वय चौसष्ट, मधुमेह अठरा वर्षांचा, शेवटची सहा वर्षं इन्सुलिनवर. खत कारखान्यात शिफ्टची नोकरी करून निवृत्त झालेले. वजन वर्षभरात ६८ किलोवरून ५९ वर आलेलं. बोलत होत्या त्या काकू.

"दोन घास खातात आणि ताट सरकवतात हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं माझ्या हातचं आवडेनासं झालं. मग वाटलं मुलीच्या लग्नाचं टेन्शन. मग म्हटलं आता हे देवाधर्माला लागले की काय, उपास करतायत!"

काका हसले नाहीत. "भूक लागते मला," ते म्हणाले. "पण बसलं की भरतं."

काकूंनी पिशवीतून वही काढली. सकाळी आठला इन्सुलिन, सव्वाआठला पोळी-भाजी. साडेनऊला घाम, थरथर, साखर ५८. मग घाईघाईनं चार-पाच बिस्किटं. पंधरा मिनिटांनी साखर ६१, म्हणून आणखी बिस्किटं. आणि दुपारी एकला, जेवणाआधी, साखर २९०. पानोपानी हाच नमुना. कुणीही म्हणेल की माणूस पथ्य पाळत नाही. मुलगा तसंच म्हणायचा. प्रत्यक्षात इन्सुलिन वेळेवर कामाला लागत होतं आणि पोळी मात्र पोटातच बसून होती. रक्तात साखर यायच्या वेळी आलीच नाही, म्हणून ती घसरली. घसरल्यावर दिलेली बिस्किटंही घनच, तीही त्याच रांगेत मागे उभी राहिली. दुपारपर्यंत पोळी आणि बिस्किटं एकदमच आतड्यात उतरली, आणि तोवर इन्सुलिनचा जोर ओसरलेला.

त्या दिवशी त्यांची तपासणी झाली नाही. सकाळची साखर ३१० होती. साखर इतकी चढलेली असली की निरोगी पोटसुद्धा मंद चालतं, त्यामुळे अशा दिवशी आलेला आकडा आजाराचा आहे की साखरेचा, ते सांगता येत नाही. आमच्या नियमावलीत २७५ ही वरची हद्द आहे. काका वैतागले. उपाशीपोटी आले होते, रिक्षाचे पैसे गेले होते. मी त्यांना औषधांचं विचारलं तेव्हा दुसरीही एक अडचण निघाली. गॅसची म्हणून ते रोज सकाळी एक कॅप्सूल घ्यायचे, दुकानातून चिठ्ठीविना आणलेली. तिच्यात पित्ताच्या औषधाबरोबर डोम्पेरिडोन होतं. डोम्पेरिडोन पोट पुढे ढकलतं, म्हणजे ते घेऊन तपासणी केली तर मंद पोटही बरं दिसू शकतं. अशी औषधं दोन-तीन दिवस आधी बंद ठेवावी लागतात. उलट बाजूनं, अफूच्या जातीची वेदनाशामकं आणि काही मानसिक आजारावरची औषधं पोट मंद करतात, तीही डॉक्टरांना विचारूनच थांबवायची. चेंबूरमध्ये ही गॅसची कॅप्सूल इतक्या घरांत आहे की ते औषध आहे असंच कुणाला वाटत नाही. "काही गोळ्या चालू आहेत का?" या प्रश्नाला उत्तर "नाही" येतं. "गॅसची काही घेता का?" असं विचारलं की येतं, "हो, ती तर रोज."

अलीकडे आणखी एक प्रश्न जोडावा लागला आहे. एक तरुण मुलगी आली, शेवटच्या फोटोत पोट चांगलंच मंद. फॉर्मवर औषधांच्या जागी रेघ मारलेली. खोदून विचारल्यावर कळलं, वजन कमी करण्याचं आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे. ते इंजेक्शन पोट मंद करूनच भूक आवरतं, निदान काही अंशी. वजन हा तिला आजार वाटला नव्हता आणि इंजेक्शन हे औषधही वाटलं नव्हतं. २०२३ साली अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी हे इंजेक्शन आठवडाभर थांबवायला सांगितलं होतं, कारण उपाशी असूनही पोटात अन्न सापडत होतं. आता मी थेट इंजेक्शनचं नावच घेऊन विचारते.

काका पुढच्या आठवड्यात आले तेव्हा सकाळची साखर १६० होती. कॅप्सूल बंद होती. एंडोस्कोपी आधीच झालेली होती आणि तिचा रिपोर्ट मी नीट वाचला, कारण ती न करता माझ्याकडे येण्यात अर्थ नसतो. चार घासांत पोट भरणं हे पोटाच्या कॅन्सरचंही लक्षण असू शकतं, जुन्या अल्सरनं दार आवळल्याचंही, आपल्याकडे आतड्याच्या टीबीचंही. जिथे खरंच अडथळा आहे तिथे माझा आकडाही मंदच येईल आणि दिशाभूल करेल. काकांच्या रिपोर्टवर लिहिलं होतं: अडथळा नाही, पायलोरस उघडा, पण बारा तास उपाशी असूनही पोटात अन्नाचे कण शिल्लक. हे वाचूनच मला निकालाचा अंदाज आला होता.

अंड्याचं काम मी आमच्या हॉट लॅबमध्ये करते. अंड्याच्या पांढऱ्या भागात टेक्नेशियमचा कोलॉइड कच्च्या अवस्थेतच घालायचा, ढवळायचा आणि मग घट्ट होईपर्यंत शिजवायचा. शिजताना कोलॉइड अंड्याच्या प्रथिनाला धरून बसतो आणि पोटातल्या आम्लातही सहज सुटत नाही. हे फार महत्त्वाचं. कोलॉइड शिजवलेल्या अंड्यावर नुसता शिंपडला तर तो पोटात सुटून पाण्याबरोबर निघून जातो. मग आपण मोजतो पाणी आणि समजतो की अंडं मोजलं. पाणी मंद पोटातूनही बऱ्यापैकी निघतं, म्हणजे आजारी माणसाला निरोगी ठरवलं जातं.

इथे चेंबूरची अडचण येते. गुजराती, जैन, तमिळ ब्राह्मण, वारकरी माळ घातलेले, अंडं न खाणारे आमच्याकडे खूप. त्यांच्यासाठी कुणी म्हणतं पोह्यावर घाला, कुणी म्हणतं दह्यात घाला. दोन्ही चुकीचं, वर सांगितलेल्या कारणानंच. केरळातल्या एका केंद्रानं २०१४ साली तांदळाच्या इडलीचा अभ्यास केला आणि निरोगी माणसांवरून तिचे सामान्य आकडे काढले, कारण अंड्याचे आकडे इडलीला लावता येत नाहीत. कोलॉइड पिठातच मिसळून वाफवायचा, म्हणजे तो आत अडकतो. काका अंडं खाणारे होते, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो दहा मिनिटांचा. सहाव्या मिनिटाला त्यांनी प्लेट खाली ठेवली. निम्मा ब्रेड शिल्लक. "नाही जाणार, ताई."

मी घाई केली नाही. थोडं थांबून त्यांनी एकेक तुकडा करत बाराव्या मिनिटाला प्लेट रिकामी केली. वेळ आणि किती खाल्लं, दोन्ही मी नोंदवून ठेवलं, कारण रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना ते लागतं. निम्मी प्लेटच पोटात गेली असेल तर ती लवकर रिकामी होणारच.

मग फोटो. खाल्ल्यावर लगेच, एक तासानं, दोन तासांनी आणि चार तासांनी. प्रत्येक वेळी एक मिनिट समोरून आणि एक मिनिट पाठीकडून. दोन्ही बाजूंनी का, ते काकूंनीच विचारलं, आणि मला त्याचा आनंद झाला, कारण हा प्रश्न शिकाऊ मुलंही विचारत नाहीत. अन्न सुरुवातीला वरच्या भागात म्हणजे पाठीच्या बाजूला असतं, नंतर खाली सरकताना ते पोटाच्या पुढच्या भिंतीजवळ येतं. फक्त समोरून मोजलं तर पहिल्या तासात अन्न वाढल्यासारखं दिसतं, कारण ते कॅमेऱ्याच्या जवळ आलेलं असतं. म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे गुणायचे आणि वर्गमूळ काढायचं.

काकांचा पहिला फोटो: समोरून मिनिटाला ९०,००० नोंदी, पाठीकडून ४०,०००. गुणाकाराचं वर्गमूळ ६०,०००. हे शंभर टक्के. चार तासांनी समोरून २०,०००, पाठीकडून ११,२५०, वर्गमूळ १५,०००. म्हणजे पंचवीस टक्के उरलं? नाही. या चार तासांत टेक्नेशियम स्वतःच विझत असतं. सहा तासांत निम्मं होणारं द्रव्य चार तासांत साधारण ६३ टक्के उरतं. म्हणून १५,००० ला ०.६३ नं भागायचं, आले सुमारे २३,८००. साठ हजारांच्या मानानं हे चाळीस टक्के. खाल्लेल्या नाश्त्यातला चाळीस टक्के भाग दुपारी सव्वाबाराला अजून त्यांच्या पोटात होता. एक तासाला ९६ आणि दोन तासांना ८१ टक्के आलं होतं.

सामान्य माणसात दोन तासांनी ६० टक्क्यांपेक्षा जास्त आणि चार तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त उरत नाही. यातला चार तासांचा आकडा सगळ्यांत भरवशाचा. काही ठिकाणी पेशंटला कंटाळा येतो म्हणून दोन तासांवर तपासणी उरकतात. मला ते मान्य नाही. दोन तासांना बरी दिसणारी पोटं चौथ्या तासाला मंद निघतात, आणि उलटही होतं. चार तासांनी ३५ टक्क्यांच्या वर म्हणजे तीव्र गटात मोडतं. काका त्या गटात होते.

काकूंना आकड्यात रस नव्हता. त्यांनी पडद्यावरचा फोटो बघितला. पोटाचा आकार अजून उजळ दिसत होता. "हे सगळं सकाळचं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "मग तुम्ही दुपारी कुठे घालणार होतात जेवण?" काकांना वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी खरं मानलं होतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

उपचार हे माझं काम नव्हे. पण आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचे डॉक्टर बसतात, आणि काकू येता-जाता मला गाठून काय काय बदललं ते सांगत राहिल्या. पहिला बदल सुईचा. डॉक्टरांनी जेवणाआधीचं इन्सुलिन जेवणानंतर, पोटात प्रत्यक्ष किती गेलं ते बघून घ्यायला लावलं, आणि पहिले काही दिवस दर दोन तासांनी साखर तपासायला लावली. हा बदल प्रत्येकाला वेगळा असतो, घरी बसून कुणी करू नये, हे डॉक्टरांनी काकूंना दोनदा बजावलं होतं आणि काकूंनी मला चारदा. दुसरा बदल बिस्किटांचा. साखर घसरली तर ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून, बिस्किट अजिबात नाही. द्रव पुढे जातं, घन अडकतं. वहीतली ती "५८, मग ६१, मग २९०" ही साखळी बऱ्याच अंशी इथेच तुटली.

तिसरा बदल ताटाचा, आणि त्यावर काकू खरोखर चिडल्या. मधुमेह झाल्यापासून त्यांनी जे जे पुण्य म्हणून केलं होतं ते सगळं आता बंद करायचं होतं. ज्वारीची भाकरी, मुळ्याची कोशिंबीर, काकडी, मेथीची भाजी, मोड आलेली मटकी, रात्री इसबगोल. चोथा आणि तेल, दोन्ही पोट मंद करतात. त्यात मंद पोटात चोथ्याचा गोळा साठून बसण्याचीही भीती असते. वाटणाचं काम पोट करेनासं झालं तर ते स्वयंपाकघरात करायचं, एवढं साधं सूत्र. २०१४ साली स्वीडनमध्ये मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, अन्न बारीक कणांचं करून दिल्यावर उलट्या, मळमळ आणि पोटफुगी कमी झालेली दिसली होती. काकूंनी तो अभ्यास वाचलेला नव्हता, पण मिक्सर होता. सकाळी मऊ इडली, पातळ ताकाबरोबर. दुपारी घोटलेली मुगाच्या डाळीची खिचडी, वरून तुपाची धार नाही. दुधी आणि लाल भोपळा सालं काढून, शिजवून, गाळून. काका मासे खाणारे, म्हणून आठवड्यातून दोनदा ओल्या बोंबलाचं पातळ कालवण, खोबरं जवळजवळ नाही. दिवसातून तीनऐवजी सहा वेळा, दर वेळी वाटीभर. संध्याकाळकडे पोट आणखी जड होतं म्हणून रात्री फक्त सूप. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही.

औषधही होतं. मेटोक्लोप्रामाइड, पण थोड्या दिवसांपुरतं. हे औषध पोट चालवतं, पण फार काळ घेतलं तर तोंडाच्या, जिभेच्या न थांबणाऱ्या हालचाली मागे लावू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००९ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि बारा आठवड्यांपलीकडे देऊ नका असं सांगितलं. आपल्याकडे याच कामाचं लेवोसल्पिराइडही खूप चालतं, त्यानंही हात थरथरू शकतात. काकांच्या डॉक्टरांनी तारीख घालून औषध बंद केलं.

पाच महिन्यांनी काकांचं वजन ६३ किलो झालं होतं. पोट काही तरुण झालेलं नव्हतं. मेलेली नस परत येत नाही, आणि डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सांगितली नाही कारण आकडा सुधारला काय आणि नाही काय, उपचार तोच राहणार होता. साखरेची वही मात्र वाचण्यासारखी झाली होती.

हे सगळं असं सरळ जुळून आलं म्हणून मी काकांचं सांगितलं. नेहमी जुळत नाही. टिळकनगरची एक शिक्षिका, वय पस्तिशीच्या आत, मधुमेह नाही, कुठलं औषध नाही. तक्रार शब्दशः काकांचीच: दोन घासांत पोट भरतं. डब्यातली अर्धी पोळी रोज परत यायची. तिनं नाश्ता रडतरडत संपवला, आणि चार तासांनी पोटात उरलं तीन टक्के. एकदम निरोगी आकडा.

"म्हणजे मला काहीच नाही?" तिनं विचारलं. "मी नाटक करते?"

तिचा पहिलाच फोटो मी पुन्हा उघडला. निरोगी माणसात खाल्ल्याबरोबर अन्न वरच्या भागात साठलेलं दिसतं. तिच्यात ते सुरुवातीपासूनच खाली, अँट्रमकडे उतरलेलं होतं. वरचा भाग नीट सैल पडत नाही, घासाला जागा करून देत नाही, असं यातून वाटतं. मागचं जेवण वेळेवर निघून जातं, पण नव्याला बसायला जागा नसते. पेशंटला आतून दोन्ही सारखंच जाणवतं. डॉक्टरांनी तिला पोट ढकलणारं औषध दिलं नाही, फंडस सैल करणारं दिलं, आणि चोथा तोडायलाही सांगितलं नाही.

आठेक महिन्यांनी ती पुन्हा आली, मधल्या काळात तापाचा एक जोरदार आजार होऊन गेलेला. तक्रार तीच, थोडी वाढलेली. या वेळी चार तासांनी चौदा टक्के. म्हणजे आता तीही सौम्य का होईना, मंद पोटाच्या गटात. अशा उड्या दुर्मीळ नाहीत. पंकज पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली अमेरिकेत असे रुग्ण वर्षभर पाहिले, तेव्हा मंद ठरलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांचं पोट वेळेवर चालताना आढळलं आणि वेळेवरच्यांपैकी जवळपास तेवढेच मंद झाले होते, लक्षणं मात्र फारशी न बदलता. मी दोन्ही वेळचे आकडे आणि दोन्ही वेळचे पहिले फोटो एकाच रिपोर्टात लावून वर पाठवले. डॉक्टरांनी जुनी गोळी तशीच ठेवली, वाट्यांचा आकार लहान केला, आणि चिठ्ठीवर लिहिलं: तीन महिन्यांनी वजन बघू, स्कॅन नको.